अन्नछत्र चालवायचे तर आधी कोठी मोजा

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात नाशिकरोडच्या एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या महिला मंडळाने यंदा पौषात, निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी निघालेल्या दिंड्यांसाठी दोन दिवस मोफत जेवण द्यायचे ठरवले आहे. त्यांनी विचारले आहे, "एका ताटाला किती खर्च धरावा? बहुतेक धान्य लोक देणारच आहेत, तेव्हा खर्च फारसा येऊ नये ना?"

पत्र वाचले आणि मी कपाटातून एक जुनी वही काढली. घरखर्चाचीच वही, पण तिची मागची चाळीस पाने वेगळी आहेत. ती २०२० सालची आहेत. त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि एप्रिलपासून आपल्या मुंबई-आग्रा रस्त्यावरून माणसे चालू लागली. मुंबई-ठाण्याकडून कसारा घाट चढून, इगतपुरीवरून नाशिक, पुढे पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे आणि मग मध्य प्रदेशची हद्द. १ मे रोजी नाशिकरोडहून भोपाळला मजुरांसाठी खास गाडी सुटली, तरी रस्ता लगेच रिकामा झाला नाही. आमच्या कॉलनीतल्या बाराजणींनी तेव्हा चाळीस दिवस रोज एक वेळची खिचडी केली. हिशेब माझ्याकडे होता, कारण मी शाळेत शिकवते, म्हणून माझे गणित चांगले असणार असे सगळ्यांनी गृहीत धरले! ते किती कच्चे होते ते पुढे सांगतेच.

आधी सामान पाहू. तीनशे ताटांना आम्ही तांदूळ ३० किलो, डाळ १० किलो आणि भाजी १५ किलो धरत होतो. म्हणजे माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि त्याच्या एक तृतीयांश डाळ. घरी आपण माणशी एवढा तांदूळ घेत नाही, पण दिवसभर चाललेल्या माणसाची भूक आपल्या घरच्यासारखी नसते. सैलसर खिचडीला धान्याच्या तिप्पट पाणी लागते. शिजल्यावर एकेकाच्या वाट्याला अर्धा किलोहून थोडी जास्त खिचडी येई. तेल तीन लिटर, मीठ पावणेदोन किलो.

आता त्या वेळच्या भावाने रोजचा खर्च मांडते. तांदूळ ३८ रुपयांनी ११४० रुपये. तूरडाळ ९० रुपयांनी ९००. तेल ३१५. मीठ, हळद, तिखट, मोहरी-जिरे मिळून १५०. व्यापारी गॅसचे १९ किलोचे सिलिंडर बाराशे रुपयांना मिळे आणि तीन दिवस पुरे, म्हणजे दिवसाला ४००. आचारी ६००. टेंपोचे डिझेल २००. द्रोण २४०. साबण, घासण्या, फडकी ५५. बेरीज बरोबर चार हजार. ताटाला तेरा रुपये तेहतीस पैसे.

भाजीपुढे मी शून्य लिहिले आहे, कारण ती फुकट मिळाली. बाजार विस्कळीत झाल्याने आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांजवळ कोबी, टोमॅटो पडून होते, ते पोत्यांनी देऊन गेले. तुमच्या वेळी असे होईलच असे नाही, तेव्हा तो आकडा भरून घ्या.

तेरा रुपयांत जेवण, म्हणून खूश होऊ नका बरं का. जानेवारी २०२० मध्ये सरकारने शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा शहरात एका थाळीची किंमत ५० रुपये धरली होती. दहा रुपये जेवणाऱ्याने द्यायचे आणि चाळीस सरकारने. त्यात दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण होते. शिवाय जागेचे भाडे आणि कामकऱ्यांचा पगारही त्यातूनच निघायचा होता. आमचे आवार फुकट होते, बाराजणींचे हात फुकट होते, आणि लग्ने थांबल्यामुळे एका मंगल कार्यालयाची मोठी पातेली नि शेगड्या रिकाम्या पडल्या होत्या त्या मिळाल्या. यातले एकेक काढून पाहा, तेरा रुपयांचे वीस-पंचवीस कधी होतील ते कळणार नाही.

आता मुख्य गोष्ट. वरच्या चार हजारांत धान्य किती? तांदूळ आणि डाळ मिळून २०४० रुपये. बाकीचे १९६० रुपये तेल, गॅस, आचारी, टेंपो, द्रोण यांचे. देणारा माणूस धान्य देतो. आपल्याकडे अन्नदान म्हटले की तांदळाची गोणी डोळ्यांपुढे येते, आणि देणाऱ्याला ती गोणी देताना बरे वाटते. गॅसचे सिलिंडर कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आचाऱ्याची मजुरी तर नाहीच नाही. सगळेच्या सगळे धान्य दानात आले, तरी ताटाला साडेसहा रुपये रोख लागतातच. पत्र लिहिणाऱ्या ताईंना माझे पहिले उत्तर हेच: धान्य फुकट मिळाले तर खर्च निम्माच कमी होतो.

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात धान्याचा पूर आला आणि रोख मात्र जेमतेम. पाचव्या दिवशी तांदळाच्या गोण्यांना टेकून बसलो होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या तेलाला पैसे नव्हते. कोणाकडे पैसे मागायला गेले की म्हणत, "धान्य न्या हवे तेवढे, पैशाचे मात्र काही सांगू नका." राग येई, पण त्यांचेही चूक नव्हते. पैसे कुठे जातात ते त्यांना दिसत नव्हते. मग शेजारच्या देशपांडे काकूंनी युक्ती काढली. फाटकाशी शाळेतला फळा लावला आणि त्यावर रोज लिहू लागलो: "परवा हवे: तेलाचा एक डबा. एक सिलिंडर. द्रोण हजार." पंधरा लिटरचा डबा आम्हांला पाच दिवस पुरे. लोकांना डबा दिसला, सिलिंडर दिसले, आणि ते देऊ लागले. एक निवृत्त मास्तर दर तिसऱ्या दिवशी येऊन "माझे सिलिंडर" म्हणून पैसे देऊन जात. मात्र आचाऱ्याची मजुरी फळ्यावर लिहिण्याचा धीर आम्हांला झाला नाही. ती बाराजणींनी वर्गणी काढून दिली. आज वाटते, तीही लिहायला हवी होती.

गॅसविषयी थोडे सांगते, कारण तिथे पैसा नकळत उडतो. आम्ही वाण्याकडून वजनकाटा मागून आणला आणि रोज काम संपल्यावर सिलिंडर तोलू लागलो. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच कोरलेले असते, ते वजा केले की उरलेला गॅस कळतो. पहिल्या चार दिवसांत रोज आठ किलोच्या आसपास जळत होता. तूरडाळ अर्धा-पाऊण तास आधी भिजत घातली, पातेल्यांवर झाकणे घट्ट बसवली, उकळी आल्यावर ज्योत निम्मी केली, तेव्हा तो सहावर आला. दोन दिवस चालणारे सिलिंडर तीन दिवस चालू लागले. घरी आपण हे सगळे करतोच, पण मोठ्या कामात आचारी घाईत असतो आणि शेगडी भर्रकन पेटलेली राहते. एक बाई केवळ शेगडीकडे लक्ष द्यायला हवी. आणि घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरू नका, ते नियमाविरुद्ध आहे.

दान आलेल्या धान्याचीही एक गंमत आहे. दहा घरांतून दहा तऱ्हेचा तांदूळ येतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, नवा पटकन चिकट होतो. पहिल्या दिवशी सगळे एकत्र ओतले, तर खाली लगदा आणि मधेच कच्चे दाणे. म्हणून गोण्या वेगळ्या ठेवल्या, आणि प्रत्येक गोणीतला वाटीभर तांदूळ आदल्या संध्याकाळी घरी शिजवून पाणी किती लागते ते गोणीवर लिहून ठेवले. सोंडे पडले आहेत का, वास येतो का, तेही तेव्हाच कळे. गहू आले त्याचे काय करणार? तीनशे माणसांना तीन-तीन म्हणजे नऊशे पोळ्या! वाण्याने तो गहू भावाने घेतला आणि बदल्यात डाळ दिली. वहीत दोन्ही बाजू लिहिल्या, म्हणजे गहू देणाऱ्याने विचारले तर दाखवता येईल.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे सगळे लिहिते आहे. सतराव्या दिवसाची.

तोपर्यंत माझ्या वहीत जमेच्या बाजूला दोनच रकाने होते, आलेले आणि येणारे. एका व्यापाऱ्यांनी दोन क्विंटल तांदूळ देतो म्हणून सांगितले होते. मी ते "येणारे"त लिहिले आणि बेरीज करताना दोन्ही रकाने एकत्र केले. वहीत तांदूळ दोनशे बारा किलो. खोलीत प्रत्यक्षात बारा. पेटीत नऊ हजार रुपये होते, पण दुकाने सकाळी थोडाच वेळ उघडत, आणि तांदूळ येतोच आहे तर घ्यायचा कशाला, म्हणून त्या दिवशी कोणी दुकानात गेलेच नाही. संध्याकाळी फोन केला. ते म्हणाले, "गाडी अडकली आहे, दोन दिवस लागतील." त्यांचा शब्द खोटा नव्हता. माझी बेरीज खोटी होती.

दुसऱ्या दिवशी बारा किलो तांदूळ, होती ती डाळ आणि खूप कोबी घालून एकशेवीस ताटे झाली. रांगेत दोनशेच्या वर माणसे होती. पातेले संपले तेव्हा पुढे एक तरुण उभा होता, खांद्यावर तीन-चार वर्षांची मुलगी. मी रिकामा डाव हातात धरून उभी राहिले. तो म्हणाला, "कोई बात नहीं दीदी, आगे मिल जाएगा." पुढे म्हणजे कुठे? पिंपळगाव तिथून जवळजवळ तीस किलोमीटर. मी घरात धावले, मुलांसाठी केलेल्या चार पोळ्या आणि गूळ आणून दिला. पण त्याच्यामागे आणखी ऐंशी-नव्वद माणसे होती, आणि एवढ्या पोळ्या आमच्या कोणाच्याच घरात नव्हत्या. पैसे असून त्या दिवशी माणसे उपाशी गेली. हे मी अजून विसरलेले नाही.

त्या रात्री वहीत तीन रकाने केले: नगद, वस्तू आणि शब्द. शब्दाची बेरीज करायची नाही, हा नियम. तो केवळ आठवण ठेवण्यासाठी, कोणाला फोन करायचा ते कळण्यासाठी. ताटे ठरवायची ती कोठीत प्रत्यक्ष असलेल्या मालावर आणि पेटीतल्या पैशावर.

दुसरा नियम तीन दिवसांच्या कोठीचा. तांदूळ ९०, डाळ ३० किलो, तेल ९ लिटर आणि लागलेल्या सिलिंडरशिवाय एक भरलेले सिलिंडर. यांतले काहीही त्याखाली गेले की वाट न पाहता त्याच सकाळी विकत घ्यायचे. मग दान आले तर उत्तमच, ते पुढच्या दिवसांना. त्या भावाने या कोठीची किंमत होते ८२६५ रुपये. म्हणजे पहिली चूल पेटण्याआधी सव्वाआठ हजार हातात हवेत. "ताटाला किती" याच्या आधी विचारायचा प्रश्न हा आहे.

रांग रोज सारखी नसते, त्याला तिसऱ्या पातेल्याचा उपाय केला. दहा-दहा किलो तांदळाची दोन पातेली सकाळी चढवायची. तिसऱ्याचे सामान मोजून, कोरडेच बाजूला ठेवायचे आणि रांग पाहून मगच चूल पेटवायची. त्यात तुरीऐवजी मसूर, कारण ती न भिजवता लवकर शिजते. पाऊण तासात खिचडी तयार. रांग लहान असली तर कोरडे धान्य परत कोठीत जाते, शिजलेले परत जात नाही. मे महिन्याच्या उन्हात शिजलेला भात चार तासांपलीकडे वाढू नये. आंबूस वास किंवा तार आली तर कोणालाही कळते, पण वास न येताही तो बाधतो आणि उलट्या होतात. म्हणून पातेल्यावर खडूने उतरवल्याची वेळ लिहीत होतो. वेळ टळली की कितीही जीव तुटला तरी टाकून द्यायचे.

खरेदीत मी आणखी एक गोष्ट उशिरा शिकले. ८ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने जाहीर केले होते की अशी मदत-स्वयंपाकघरे चालवणाऱ्या संस्थांना अन्न महामंडळाच्या गोदामातून लिलावाशिवाय गहू २१ आणि तांदूळ २२ रुपये किलोने मिळेल. मनमाडला महामंडळाचे केवढे मोठे गोदाम आहे, आणि आम्ही वाण्याकडून ३८ ने घेत होतो! किलोमागे सोळा रुपये, म्हणजे दिवसाला ४८० रुपये. मात्र एका वेळी कमीत कमी एक टन उचलायचा होता. एक टन म्हणजे बावीस हजार रुपये एकदम, वर मनमाडहून टेंपोचे भाडे. एकट्या आमच्या चुलीला तेवढा तांदूळ तेहतीस दिवस पुरला असता. आजूबाजूच्या दोन-तीन मंडळांनी मिळून घेतला असता तर जमले असते. आम्हांला कळून एकत्र येईपर्यंत महिना संपत आला. स्वस्त धान्य असते, पण घाऊक असते, आणि त्याला रोख लागते, नोंदलेली संस्था लागते आणि कोरडी जागा लागते. म्हणून शेजारच्या मंडळांशी बोलणे चूल पेटवण्याआधी करावे.

मदतीच्या हातांचाही हिशेब असतो. पहिल्या आठवड्यात बाराजणी होतो, तिसऱ्या आठवड्यात सहा. कोणाची सासू आजारी, कोणाच्या यजमानांना पसंत नाही, कोणी नुसतीच दमली. यात कोणाला बोल लावू नये. आम्ही भाजी चिरायचे काम घरोघर पोहोचवले. संध्याकाळी पिशवी द्यायची, सकाळी डबा घ्यायचा. बाहेर येऊ न शकणाऱ्या पाचजणी त्यातून परत मिळाल्या. आवारात रोज चौघी आणि आचारी, एवढ्यावर काम चालले. आचाऱ्याला मजुरी दिली म्हणून तो चाळीसही दिवस आला, हे विसरू नका.

चाळीस दिवसांनी वही मिटली. धान्यापैकी दोन तृतीयांश दानातून आले होते. तरीही रोख खर्च एक लाख पाच हजारांच्या घरात गेला. पावती वस्तूलाही दिली होती, वजन लिहून, दोघींच्या सह्यांनी. म्हणून शेवटी कोणी काही विचारले नाही.

आता नाशिकरोडच्या ताईंसाठी. तुमचे दोनच दिवस आहेत, तेव्हा तीन दिवसांची कोठी नको. पण दोन्ही दिवसांचा पूर्ण माल आदल्या दिवशी खोलीत असला पाहिजे. पाचशे ताटे धरलीत तर रोज तांदूळ ५०, डाळ १६-१७ किलो, तेल ५ लिटर आणि दोन दिवसांत एक पुरे सिलिंडर, शिवाय एक राखीव. भाव मात्र आजचे, तुमच्या वाण्याचे घाला. माझे २०२० चे आहेत. तिथी नीट पाहा. एकादशीला वारकरी खिचडी-भात घेणार नाहीत. त्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करावी लागेल, आणि तिचा हिशेब निराळा, महाग पडेल. अनेक माळकरी कांदा-लसूण खात नाहीत, तोही आदल्या दिवशीच स्वयंपाकातून काढा. दिंडीच्या चालकांना आधी भेटून माणसे किती ते विचारा, आणि तिसरे पातेले कोरडे ठेवा.

आणि कोणी "तांदूळ उद्या पाठवतो" म्हणाले, तर मनापासून आभार माना, "शब्द"च्या रकान्यात लिहा, आणि सकाळी पिशवी घेऊन वाण्याकडे जा.